सोळा सेलच्या एलएफपी बॅटरीत एकच सेल मागे पडतोय: ॲक्टिव्ह बॅलन्सर लावावा का?

प्रश्न: घरच्या सोलरसाठी १६ सेलची, १०० एएचची एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची, बॅटरी दीड वर्षापूर्वी असेंबल करून घेतली. आधी रात्रभर पुरायची, आता ७५ एएचच्या आसपास बॅटरीवर लक्ष ठेवणारा बीएमएस कट मारतो. चार्जिंगच्या शेवटी ४ नंबरचा सेल ३.६५ ला जातो आणि बीएमएस चार्जिंग तोडतो, तेव्हा ११ नंबरचा ३.३४ वरच असतो. बीएमएसमध्ये ३५ मिलीअँपचं पॅसिव्ह बॅलन्सिंग आहे. दुकानदार म्हणतो ५ अँपचा ॲक्टिव्ह बॅलन्सर लावा, पहिल्यासारखी होईल. लावू का?

उत्तर:

लगेच लावू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून बॅटरी बिघडलेली कमी आणि सेल एकमेकांच्या मागेपुढे झालेले जास्त वाटतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. बॅलन्सर कुठला घ्यायचा हे त्यानंतर ठरतं.

सोळा सेल सिरीजमध्ये असले की सगळ्यांतून एकच करंट वाहतो. बॅटरीतून १० एएच काढले तर प्रत्येक सेलमधून १० एएच जातात. एखादा सेल दमलाय म्हणून त्याच्या वाटचं शेजारच्याने द्यावं, अशी सोय सिरीज जोडणीत नाही. त्यामुळे डिस्चार्ज होताना पहिला सेल रिकामा झाला की बीएमएस थांबवतो आणि चार्ज होताना पहिला सेल भरला की बीएमएस थांबवतो. बाकीच्या पंधरांत काय शिल्लक आहे किंवा किती जागा उरली आहे, याने फरक पडत नाही. तुम्हाला मिळणारी क्षमता म्हणजे या दोन थांब्यांमधलं अंतर. हे दोन थांबे एकाच सेलमुळे येतील असंही नाही. वर एक सेल अडवतो आणि खाली दुसराच, असं खूपदा होतं. तुमच्याकडे बहुधा तेच झालंय.

समजा, तुमच्या सोळाही सेलची क्षमता पुरी १०० एएच आहे. ४ नंबरचा सेल पूर्ण भरतो तेव्हा इतर चौदा सेल ९५ वर आहेत आणि ११ नंबरचा ७५ वर. इथे चार्जिंग तुटलं. आता रात्री ७५ एएच काढले की ११ नंबरचा रिकामा होतो आणि बीएमएस कट मारतो. त्या क्षणी ४ नंबरमध्ये अजून २५ एएच आहेत, बाकीच्यांत २०. एकही सेल खराब नाही, तरी पाव बॅटरी हाताला लागत नाही. हा चार्जच्या पातळीतला फरक आहे आणि बॅलन्सिंगने तो पूर्ण भरून निघतो.

आता दुसरी शक्यता घ्या. ११ नंबरची मूळ क्षमताच घटून ७५ एएच झाली असती, तर तो चार्जिंगला सगळ्यांच्या आधी भरला असता, कारण लहान भांडं आधी भरतं. तुमच्याकडे तो सगळ्यांत शेवटी राहतोय. म्हणून मी म्हणतो की हा सेल कमी क्षमतेचा असण्यापेक्षा मागे पडलेला असण्याची शक्यता जास्त आहे. मात्र तुम्ही अर्धीच माहिती दिली आहे. डिस्चार्जच्या शेवटी कुठला सेल आधी पडतो, हे लिहिलेलं नाही. एका रात्री मोबाइल ॲप उघडं ठेवून तेवढं बघा. जो सेल शेवटी भरतो आणि आधी रिकामा होतो, तो मागे पडलाय. जो आधी भरतो आणि शेवटी रिकामा होतो, तो पुढे गेलाय. जो आधी भरतो आणि आधीच रिकामाही होतो, त्याची क्षमता घटली आहे आणि त्याच्यापुढे कुठल्याही बॅलन्सरचं फारसं चालत नाही. कट पडताना ११ नंबरऐवजी दुसराच सेल खाली गेलेला दिसला, तर दोन्ही दुखणी एकत्र आहेत असं समजा.

हे बघण्याआधी एक तपासणी करून घ्या, कारण बॅलन्सिंगची तक्रार म्हणून आमच्याकडे येणाऱ्या बॅटऱ्यांत निव्वळ ढिल्या जोडाच्याही असतात. सेलचं व्होल्टेज मोजणारी बीएमएसची सेन्स वायर सेल जोडणाऱ्या पट्टीवर, म्हणजे बसबारवर, किंवा लगवर बसवलेली असते. त्या जोडात गंज किंवा ढिलेपणा असला की तिथे पडणारं व्होल्टेज सेलच्या खात्यात मोजलं जातं. जोडाचा रोध फक्त २ मिलीओम असला तरी ५० अँपला १०० मिलीव्होल्टचा फरक दिसतो. चार्ज होताना तो सेल खोटाच उंच दिसतो, डिस्चार्ज होताना खोटाच खाली.

तुमच्या ४ नंबरकडे म्हणून नीट बघा. चार्जिंग तुटल्यावर करंट शून्य होतो, त्या क्षणी ॲपवर त्याचा आकडा कसा उतरतो? ३.६५ वरून एका सेकंदात इतरांच्या बरोबरीला आला तर संशय जोडावर किंवा त्या सेलच्या अंतर्गत रोधावर. पाच-दहा मिनिटांत हळूहळू उतरत गेला तर तो खरोखर भरला होता. खात्री करायची तर २० अँपने चार्जिंग चालू असताना मल्टिमीटरच्या पिना थेट सेलच्या टर्मिनलच्या धातूवर टेकवा, नटावर किंवा बसबारवर नको. तो आकडा आणि ॲपवरचा आकडा यांत १० मिलीव्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर जोड उघडा. ॲल्युमिनियमच्या टर्मिनलवर राखाडी थर चढतो, तो बारीक पॉलिश पेपरने काढा, पुसा आणि सेल बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कनेच आवळा. जोर लावून आवळलं तर टर्मिनलचे आटे निघतात. काम करताना हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा आणि पान्याला टेप गुंडाळा. १०० एएचचा सेल शॉर्ट झाला तर क्षणात हजार अँपच्या वर करंट देतो.

जोड ठीक निघाले असं धरून पुढे जाऊ.

पॅसिव्ह बॅलन्सिंग म्हणजे उंच गेलेल्या सेलवर एक छोटा रेझिस्टर जोडून त्याचा जादा चार्ज उष्णता करून घालवणं. ते मागच्याला काही देत नाही, पुढच्यांना थोपवून धरतं. त्यामुळे तुमच्या उदाहरणात ११ नंबरला वर यायचं तर चौदा सेलना प्रत्येकी २० एएच आणि ४ नंबरला २५ एएच जाळावे लागतील. प्रत्येकाचा रेझिस्टर स्वतंत्र असल्यामुळे हे एकाच वेळी चालू शकतं, पण ३५ मिलीअँपने २५ एएच जायला ७०० तासांहून जास्त लागतात. तेही बॅलन्सिंग खरोखर चालू असलेले तास. एलएफपीमध्ये ते बहुधा सेल ३.४ व्होल्टच्या वर असतानाच चालतं. रोज एक तास मिळाला तरी दोन वर्षं गेली. शिवाय काही बीएमएसच्या चिप शेजारशेजारच्या दोन सेलचे रेझिस्टर एकाच वेळी चालू करू देत नाहीत, तिथे वेळ दुप्पट धरा.

तुमच्याकडे तर तो एक तासही मिळत नाही. ४ नंबर ३.६५ ला गेला, बीएमएसने चार्जिंग तोडलं, सगळे सेल मिनिटांत ३.४ च्या खाली आले आणि बॅलन्सिंग थांबलं. माझा अंदाज आहे की तुमच्या इन्व्हर्टरमध्ये चार्जिंग व्होल्टेज ५८.४ ठेवलेलं असेल, म्हणजे प्रति सेल बरोबर ३.६५. सगळे सेल एका रांगेत असले तर ते चालतं. एक जरी पुढे असला तर तो आधी कट मारतो आणि बॅलन्सिंगला वेळच उरत नाही. उलट टोकाची चूकही बघायला मिळते. काही ठिकाणी व्होल्टेज ५४ वर ठेवलेलं असतं, म्हणजे प्रति सेल ३.३७५, आणि सेल बॅलन्सिंग सुरू होण्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. दोन्हीकडे बीएमएस चांगला असूनही निरुपयोगी ठरतो.

मग व्होल्टेज मध्येच, दिवसभर, का जुळवू नये? कारण एलएफपी सेल मधल्या भागात बोलत नाही. २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत त्याचं स्थिर व्होल्टेज सगळं मिळून साधारण ०.१ व्होल्टच हलतं. तुमचा ११ नंबरचा ३.३४ वर आहे म्हणजे तो ५ टक्के मागे आहे की २५ टक्के, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. माझे ७५ आणि ९५ हे आकडे म्हणूनच समजण्यापुरते आहेत. फरक खरा दिसतो तो फक्त वरच्या आणि खालच्या टोकाला, जिथे रेषा उभी होते.

दुकानदाराचा ५ अँपचा ॲक्टिव्ह बॅलन्सर इथेच अडखळतो. ॲक्टिव्ह बॅलन्सर उंच सेलमधला चार्ज कपॅसिटर, कॉइल किंवा छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून खालच्या सेलमध्ये नेऊन टाकतो. जाळत नाही, हलवतो. तत्त्व उत्तम आहे. पण कपॅसिटरवाल्या स्वस्त बोर्डात किती करंट वाहणार हे दोन सेलमधल्या व्होल्टेजच्या फरकावर ठरतं. पाकिटावरचे ५ अँप मोठ्या फरकाला मिळतात. फरक १० मिलीव्होल्टचा आणि वाटेतला एकूण रोध १०० मिलीओमचा असेल तर वाहतो ०.१ अँप. सपाट भागात फरक याहूनही कमी असतो. त्यातून बोर्ड चोवीस तास चालू राहणारा असेल तर नुकसानही होतं. लोडखाली जास्त अंतर्गत रोधाचा सेल खाली दिसतो, बोर्ड त्याला रिकामा समजून चार्ज भरत बसतो. सकाळी चार्जिंगला तोच सेल आधी वर जाऊन कट मारतो.

तुमच्यासाठी सगळ्यात सरळ उपाय म्हणजे ११ नंबरच्या एकट्या सेलला बाहेरून चार्ज करणं. त्यासाठी बेंच पॉवर सप्लाय लागतो, आउटपुट मेनपासून पूर्ण वेगळं असलेला. बसबार काढायची गरज नाही, पण इन्व्हर्टर आणि सोलर चार्जर दोन्ही बंद करून बॅटरीपासून तोडा. आधी बॅटरी नेहमीसारखी चार्ज करा, बीएमएस तोडेपर्यंत. मग सप्लायच्या वायर मोकळ्या असतानाच व्होल्टेज ३.६० ला लावा, मल्टिमीटरने पडताळा, करंटची मर्यादा ५ अँप ठेवा आणि त्यानंतरच सेलला जोडा, प्लसला प्लस. सप्लायवर एएच मोजायची सोय नसेल तर वेळ लिहून ठेवा. २० एएच मागे असेल तर साधारण चार तास लागतील. शेवटी शेवटी व्होल्टेज चढायला लागलं की करंट आपोआप कमी होतो. वायर बारीक असतील तर तो लवकरच कमी होऊ लागेल, पण घाई म्हणून व्होल्टेज वाढवू नका. सप्लायवर ३.६ च्या वर ठेवलेला आकडा विसरला गेला तर सेल फुगतो. करंट २ अँपच्या खाली आला की काढून घ्या. चार्जिंगभर शेजारी बसा आणि सेलला हात लावून बघत राहा. ५ अँपला १०० एएचचा सेल कोमटही व्हायला नको.

हे करण्याआधी एक अट. ११ नंबरचा सेल आतापर्यंत कधी २ व्होल्टच्या खाली गेला असेल, किंवा आत्ता फुगलेला दिसत असेल, तर त्याला चार्ज करू नका. फार खोल रिकामा झालेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना आत शॉर्ट व्हायची भीती असते. तो बदलायचाच.

सेलमध्ये किती एएच गेले हा आकडा जपून ठेवा. तोच तुमचा खरा फरक.

आता इन्व्हर्टरचं चार्जिंग व्होल्टेज ५६.० ठेवा, म्हणजे प्रति सेल ३.५, आणि तिथे दोन तास धरून ठेवायला सांगा. फ्लोट, म्हणजे भरल्यानंतर धरून ठेवायचं व्होल्टेज, ५४ चालेल. बीएमएसमध्ये बॅलन्सिंग ३.४० पासून सुरू, फरकाची मर्यादा १० मिलीव्होल्ट. सेलचा वरचा कट ३.६५ च राहू द्या, खालचा २.८ करा. ४ नंबर आणि नुकताच पूर्ण भरलेला ११ नंबर इतरांपेक्षा थोडे पुढे असतील, पण आता या दोघांचाच जादा चार्ज जाळायचा आहे. ५ एएच ३५ मिलीअँपने जायला सुमारे १४० तास, म्हणजे रोज दोन तास धरले तर दोन-अडीच महिने. घाई असेल तर चार्जिंग संपल्यावर ४ आणि ११ नंबरला एकेक करून १२ व्होल्टचा, ५५ वॉटचा गाडीचा जुना बल्ब जोडा. सेलच्या व्होल्टेजला तो दोनेक अँप खातो, प्रत्येकी दोन-अडीच तासांत तेवढा चार्ज उतरतो. मात्र बल्ब जोडून झोपायला जाऊ नका.

३५ मिलीअँप पुढे पुरतील का? ११ नंबर २० एएच मागे पडायला दीड वर्ष लागलं असेल, तर तो इतरांपेक्षा सतत फक्त दीड मिलीअँप जास्त गमावत होता. दिवसाला ३६ मिलीअँप-अवर. रोज दोन तास बॅलन्सिंग मिळालं तर ३५ मिलीअँप त्याच काळात इतरांचे ७० उतरवतात. पुरून उरतं. चांगल्या, एका बॅचच्या सेलसाठी पॅसिव्ह पुरेसं असतं ते याच हिशोबाने. विजेच्या बहुतेक गाड्यांतही पॅसिव्हच असतं. फरक तयार होण्याचा वेग इतका कमी असतो की तो वेळच्या वेळी उतरवला तर थोड्या मिलीअँपमध्ये भागतं. साचू दिला तर मात्र भागत नाही. कदाचित तुमच्याकडे हा फरक दीड वर्षात तयारही झाला नसेल. असेंबल करताना सेल आधी पॅरललमध्ये जोडून ३.६५ पर्यंत भरून घ्यायचे असतात. ते न करता सरळ सिरीजमध्ये बसवले असतील, तर फरकाचा काही भाग पहिल्या दिवसापासूनचा आहे.

ॲक्टिव्ह बॅलन्सर खरोखर उपयोगी पडतो तो २८० एएचसारख्या मोठ्या सेलवर. तिथे १ टक्का फरक म्हणजे २.८ एएच, ३५ मिलीअँपला ८० तास. १-२ अँपचा ॲक्टिव्ह तेच काम एका दिवसात उरकतो. तसंच वेगवेगळ्या वयाचे वापरलेले सेल एकत्र केलेल्या पॅकमध्येही त्याची मदत होते. फक्त तो ३.४० च्या खाली बंद राहील अशी सोय असलेला घ्या.

कमी क्षमतेच्या सेलला ॲक्टिव्हने वाचवता येतं का, हा हिशोबही करून ठेवा, कारण विकताना हेच सांगितलं जातं. पंधरा सेल १०० एएचचे आणि एक ८४ चा. पॅसिव्हवर मिळतात ८४. सगळ्यांची सरासरी ९९. ॲक्टिव्हने आदर्शपणे तिथपर्यंत जायचं तर २० अँपच्या लोडवर पाच तासांत कमजोर सेलला १५ एएच पुरवायला हवेत, म्हणजे पहिल्या मिनिटापासून सलग ३ अँप. पण पहिले साडेतीन-चार तास सगळे सेल सपाट भागात असतात आणि हा सेल लहान आहे हे बोर्डाला कळतच नाही. कळतं तेव्हा शेवटचा अर्धा तास उरलेला असतो. त्यात प्रत्यक्ष दीड अँप वाहिले तरी हाती लागतो पाऊण एएच. असा सेल बदलणं स्वस्त पडतं. बदलायचा तर त्याच प्रकारचा आणि तितक्याच एएचचा घ्या. नवा सेल थोडा मोठा निघाला तर काही बिघडत नाही, पण बसवण्याआधी तो एकट्याने पूर्ण भरून घ्या आणि बाकीचा पॅकही पूर्ण भरलेला असताना बसवा.

पुढचे चार आठवडे आठवड्यातून एकदा, ५६ व्होल्टवर दोन तास झाल्यावर, सोळाही सेलचे आकडे लिहून ठेवा. ११ नंबर इतरांच्या २०-३० मिलीव्होल्टच्या आत राहिला तर झालं. तो परत मागे पडू लागला, तर बॅटरी पूर्ण भरून बीएमएसचा सेन्स कनेक्टर काढा आणि १५ दिवस कसलाही लोड किंवा चार्जर न लावता ठेवा. मग कनेक्टर बसवून, आधी केलं तसंच ११ नंबर आणि शेजारचा १० नंबर एकेकटे भरा आणि कुणात किती एएच गेले ते बघा. ११ मध्ये अर्धा एएच जास्त गेला तर सेल स्वतःच आतून गळतोय, तो बदला. दोघांत सारखेच गेले तर त्या वायरवरून बीएमएस करंट खातोय, तेव्हा सेलऐवजी बीएमएस बदला.